स्टेरॉइडच्या गोळ्या आणि पोट : जेवण, वेळ आणि संरक्षक औषध

प्रेडनिसोलोनची गोळी सुरू झाली की तिच्या जोडीला ‘पोटाची गोळी’ असायलाच हवी काय, ती जेवणाआधी घ्यावी की नंतर, उपवासाच्या दिवशी काय करावे, आणि एका डॉक्टरांनी लिहून दिलेली पोटाची गोळी दुसऱ्या डॉक्टरांनी अनावश्यक म्हणून का काढून टाकली, हे प्रश्न संधिवात, दमा, त्वचेचे किंवा मूत्रपिंडाचे विकार यांसाठी स्टेरॉइड घेणाऱ्या वाचकांकडून पुनःपुन्हा येत असतात. त्यांची उत्तरे परस्परविरोधी वाटतात, याचे कारण असे की दोन निरनिराळ्या तक्रारींना आपण ‘अ‍ॅसिडिटी’ हे एकच नाव देतो आणि दोहोंवर एकच उपाय शोधतो. पुढील विवेचन प्रेडनिसोलोन ही सर्वांत जास्त वापरली जाणारी गोळी समोर ठेवून केले आहे. मिथाइलप्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकॉर्ट आणि बीटामेथासोन यांनाही त्यातील बहुतेक भाग लागू पडतो.

जळजळ निराळी, व्रण निराळा

गोळी घेतल्यावर तासा-दोन तासांत छातीत आंबट येणे, मळमळणे, पोटाच्या वरच्या भागात जड वाटणे, ही जठराची तात्पुरती नाराजी होय. ती त्रासदायक असते, पण तिच्यामुळे जिवाला धोका नसतो. आणि पोटात अन्न असेल तर ती बहुधा कमी होते. स्टेरॉइडमुळे भूकही वाढते, आणि पोटात पडलेला तो खड्डा पुष्कळांना जळजळीसारखाच भासतो. पोळी-भाजी खाल्ल्यावर तुमची तक्रार पंधरा-वीस मिनिटांत निवत असेल, तर ती भूक असण्याचा संभव आधी विचारात घ्या.

जठराच्या किंवा लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाच्या अस्तरावर पडणारी जखम, म्हणजे व्रण, ही याहून अगदी वेगळी बाब आहे. ती कधी दुखते, कधी अजिबात दुखत नाही, आणि रक्तस्राव झाल्यावरच तिचा पत्ता लागतो. नुसते जेवून गोळी घेतल्याने व्रणापासून संरक्षण मिळत नाही. जेवण हा अस्वस्थतेवरचा उपाय आहे; संरक्षक औषध हा व्रणाच्या जोखमीवरचा. एवढा भेद ध्यानात ठेवलात, तर पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतील.

आता ही जोखीम किती? स्टेरॉइडने सर्रास अल्सर होतो, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिचा उगम १९५० च्या सुमाराच्या अनुभवांत आहे, जेव्हा कॉर्टिझोन नुकतेच हाती आले होते आणि ते घेणारे संधिवाताचे रुग्ण त्याच्या जोडीला अ‍ॅस्पिरिनही मोठ्या मात्रेत घेत असत. पुढे १९९१ साली अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या ६५ वर्षांवरील व्यक्तींच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा असे दिसून आले की केवळ स्टेरॉइड घेणाऱ्यांची व्रणाची जोखीम जवळजवळ इतरांइतकीच होती. परंतु स्टेरॉइड आणि वेदनाशामक गोळ्या दोन्ही एकदम घेणाऱ्यांची जोखीम, दोहोंपैकी काहीच न घेणाऱ्यांच्या सुमारे १५ पट होती. २०१४ साली नॉर्वेतील संशोधकांनी १५९ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास केला. त्यातही रक्तस्रावाची वाढलेली जोखीम रुग्णालयात दाखल असलेल्या आजारी माणसांत आढळली, घरी राहून गोळ्या घेणाऱ्यांत ती वाढ स्पष्टपणे दिसली नाही. याची कारणमीमांसा थोडक्यात अशी, की वेदनाशामक औषध अस्तराची रक्षणशक्ती हिरावून घेऊन जखम करते, आणि स्टेरॉइड ती जखम भरून येऊ देत नाही. म्हणून ‘मी स्टेरॉइड घेतो, मला पोटाची गोळी हवी काय?’ या प्रश्नाआधी ‘स्टेरॉइडच्या संगतीला मी आणखी काय घेतो?’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

जेवण : किती, कोणते, आणि उपवासाचे काय

गोळी जेवणाच्या शेवटी किंवा जेवल्यावर लगेच, पेलाभर पाण्यासोबत घ्या. अन्नामुळे प्रेडनिसोलोनचा परिणाम कमी होत नाही, तेव्हा ‘रिकाम्या पोटी घेतली तर जास्त लागू पडेल’ या कल्पनेला आधार नाही. पूर्ण जेवण हवे असेही नाही. वाटीभर पोहे किंवा उपमा, एक भाकरी, दूध-पोळी, मऊ भात एवढे पुरते. नुसता चहा मात्र अन्न नव्हे, आणि पहाटेच्या कडक चहाबरोबर गोळी टाकण्याची आपल्याकडची सवय हेच पुष्कळांच्या जळजळीचे खरे कारण असते. चहासोबत गोड बिस्किटे खाऊन काम भागवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडमुळे दुपारनंतर रक्तातील साखर चढते, आणि मधुमेह असलेल्यांना तर ती वाढ हमखास जाणवते, म्हणून पोटाला आधार म्हणून गोड पदार्थ निवडू नयेत.

गोळी चवीला कडू असते. ती जिभेवर रेंगाळली तर मळमळ होते, आणि तो दोष पोटाच्या माथी येतो. आपल्याकडे मिळणाऱ्या प्रेडनिसोलोनच्या पुष्कळशा गोळ्या पाण्यात विरणाऱ्या असतात. तशी असल्यास ती चमचाभर पाण्यात विरवून घेऊन वर पाणी प्यावे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांना जठरात न विरघळणाऱ्या आवरणाची प्रेडनिसोलोन मिळण्याचा संभव आहे. ती फोडू नये, चावू नये, आणि तिच्या आगेमागे आम्लनाशक घेऊ नये, कारण आम्ल मारले गेले की ते आवरण जठरातच विरघळते आणि त्याचा उद्देश फुकट जातो. साध्या गोळीपेक्षा अशी गोळी व्रणापासून अधिक संरक्षण देते, असे सिद्ध झालेले नाही.

उपवासाच्या दिवशी गोळी चुकवू नका. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, राजगिऱ्याचे लाडू किंवा दूध-केळे हे जठराच्या दृष्टीने अन्नच आहे. त्यानंतर गोळी घ्यावी. निर्जळी व्रत किंवा रमजानचा रोजा धरायचा असेल तर तो विचार आधी, निदान आठवडाभर आधी, डॉक्टरांपुढे मांडा. दिवसाला एकच मात्रा असेल तर पहाटेच्या सहरीत ती बसवता येते. पण जे तीन आठवड्यांहून अधिक काळ स्टेरॉइड घेत आहेत, त्यांच्या शरीरातील स्वतःचे कॉर्टिसोल निर्माण करणाऱ्या ग्रंथी मंदावलेल्या असतात, आणि गोळी एकाएकी बंद पडल्यास रक्तदाब कोसळण्यापर्यंत मजल जाऊ शकते. पोटाच्या त्रासापायी गोळी आपल्या मनाने बंद करणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

वेळ

दिवसाची सर्व मात्रा एकदम सकाळी, न्याहारीनंतर, शक्यतो नऊच्या आत घ्यावी, असा सर्वसाधारण प्रघात आहे. शरीरातील नैसर्गिक कॉर्टिसोल सकाळीच सर्वाधिक असते, म्हणून त्या सुमारास घेतलेली गोळी त्या क्रमात कमीत कमी ढवळाढवळ करते. शिवाय रात्रीची झोप उडण्याचे प्रमाण घटते. रात्री झोपण्यापूर्वी घेतलेल्या गोळीनंतर माणूस लगेच आडवा होतो, आणि आम्ल वर येण्यास ते एक जादा निमित्त मिळते.

मात्रा मोठी असेल आणि एकदम घेतल्यावर पोट बिघडत असेल, तर ती सकाळच्या आणि दुपारच्या जेवणानंतर अशी विभागून घेता येईल काय, हे डॉक्टरांना विचारा. एक दिवसाआड गोळी घेणारे आणि काही विशिष्ट आजारांत ठरावीक वेळा सांगितलेले रुग्ण यांनी स्वतः बदल करू नये.

संरक्षक औषध कोणाला हवे

पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल ही आम्लनिर्मिती दाबणारी औषधे व्रणाची जोखीम खरोखर कमी करतात. पुढीलपैकी एकही गोष्ट तुम्हाला लागू असेल, तर ती डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा आणि संरक्षक औषधाची विचारणा अवश्य करा :

- डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन यांसारखी वेदनाशामके चालू असणे. ताप-अंगदुखीच्या जोडगोळ्यांत ती पॅरासिटामॉलबरोबर मिसळलेली असतात, म्हणून पाकिटामागील घटक वाचून घ्या.
- हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेणे, मग ती ७५ मिलिग्रॅमची लहान गोळी का असेना. किंवा क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन अथवा रक्त पातळ ठेवणारे दुसरे औषध घेणे.
- पूर्वी कधी व्रण झालेला असणे, काळे शौच किंवा रक्ताची उलटी झालेली असणे.
- वय ६५ च्या पुढे असणे, विशेषतः प्रकृती इतर कारणांनीही क्षीण असेल तर.
- गंभीर आजाराने रुग्णालयात दाखल असताना मोठ्या मात्रेत स्टेरॉइड मिळत असणे.

पूर्वी व्रण झालेल्यांनी जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी झाली आहे काय, हेही विचारावे. तो असेल तर प्रतिजैविकांच्या ठरावीक मुदतीच्या उपचाराने त्याचा बंदोबस्त होतो, आणि जोखमीचे एक मूळच नाहीसे होते.

याउलट, दम्याच्या झटक्यासाठी पाच-सात दिवसांचा उपचार घेणाऱ्या निरोगी तरुणाला, किंवा वरीलपैकी कोणतीही जोखीम नसलेल्या आणि केवळ स्टेरॉइडच घेणाऱ्या मध्यमवयीन माणसाला, पोटाची गोळी सक्तीची नाही. त्यांना जळजळ झालीच तर जेवण आणि वेळ आधी नीट करून पाहावी. एका डॉक्टरांनी दिलेली गोळी दुसऱ्यांनी काढली, तर तो हलगर्जीपणाच असेल असे समजू नका. बहुधा त्यांनी ही यादीच मनात तपासलेली असते.

येथे एक सल्ला मी आग्रहाने देईन. संरक्षक औषध वाढवण्यापेक्षा वेदनाशामक कमी करणे हा पुष्कळदा अधिक चांगला मार्ग असतो. स्टेरॉइड योग्य मात्रेत चालू असताना सांध्यांची सूज आटोक्यात येते, आणि उरलेल्या दुखण्याला साधे पॅरासिटामॉल किंवा वरून लावायचे मलम पुरते काय, हा प्रश्न विचारण्याजोगा असतो. हृदयाची अ‍ॅस्पिरिन मात्र पोटाच्या भीतीने कधीही स्वतः बंद करू नये.

घेण्याची रीत, आणि तिच्यातल्या चुका

पँटोप्रॅझोलसारखे औषध जेवल्यानंतर, पोट दुखू लागल्यावर घेणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. आम्ल निर्माण करणाऱ्या पेशी अन्नामुळे जाग्या होतात, आणि त्या वेळी औषध रक्तात तयार असले तरच ते त्यांना रोखू शकते. म्हणून ते न्याहारीपूर्वी सुमारे अर्धा तास घ्यायचे असते. म्हणजे क्रम असा : उठल्यावर पोटाची गोळी, अर्ध्या तासाने न्याहारी, न्याहारीच्या शेवटी स्टेरॉइड.

आम्लनाशक पातळ औषधे तात्काळ आराम देतात, पण व्रणापासून संरक्षण करीत नाहीत. शिवाय त्यांतील अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे क्षार प्रेडनिसोलोनचे शोषण घटवू शकतात, म्हणून दोहोंमध्ये दोन तासांचे अंतर ठेवावे. पाण्यात फसफसणाऱ्या पुड्यांत सोडियम भरपूर असते, आणि स्टेरॉइड आधीच शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते. रक्तदाब किंवा पायांवर सूज असलेल्यांनी त्यांची सवय लावून घेऊ नये.

हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी स्टेरॉइडच्या रुग्णांना वारंवार दिली जाते, आणि सगळा गोंधळ येथेच होतो, कारण हिचा नियम उलटा आहे. ती रिकाम्या पोटी, मोठा पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यावी लागते आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवे व्हायचे नसते. अन्ननलिकेत अडकल्यास तिथे ती स्वतःच जखम करते. पुष्कळ ठिकाणी या गोळीने होणारी छातीतील आग स्टेरॉइडच्या नावावर जमा होते. आग आठवड्याच्या एकाच वारी होत असेल, तर कोणत्या वारी कोणती गोळी घेतली ते तपासून पाहा.

एक उदाहरण

सातारा जिल्ह्यातील ७० वर्षांच्या एक आजी आहेत असे धरू. खांदे आणि मांड्या सकाळी आखडून जाण्याचा, वैद्यकात पॉलिमायाल्जिया म्हणतात तो विकार त्यांना झाला आणि प्रेडनिसोलोन १५ मिलिग्रॅम सुरू झाले. हृदयात स्टेंट असल्याने रोज अ‍ॅस्पिरिन ७५ मिलिग्रॅम चालू आहे. गुडघ्यांसाठी त्या गावातील दुकानातून डायक्लोफिनॅकची गोळी आणून जमेल तशी घेतात. पहाटे साडेपाचला चहाबरोबर सगळ्या गोळ्या एकदम, आणि जळजळ झाली की दुपारी जेवल्यावर पँटोप्रॅझोल, असा त्यांचा क्रम आहे. सोमवारी उपवास असल्याने त्या दिवशी स्टेरॉइड घेत नाहीत.

त्यांच्या डॉक्टरांनी ही हकीकत ऐकली तर प्रथम ते डायक्लोफिनॅक बंद करवतील, कारण स्टेरॉइड, अ‍ॅस्पिरिन आणि डायक्लोफिनॅक हे त्रिकूट ७० व्या वर्षी पोटाला सर्वाधिक घातक आहे, आणि स्टेंट असलेल्या हृदयालाही डायक्लोफिनॅक सोसत नाही. अ‍ॅस्पिरिन तशीच राहील. वय आणि अ‍ॅस्पिरिन ही दोन कारणे उरतातच, म्हणून पँटोप्रॅझोल ४० मिलिग्रॅम ‘जळजळ झाली तर’ न घेता रोज, न्याहारीपूर्वी अर्धा तास, असे ठरेल. चहा हवा तेव्हा घ्यावा, पण स्टेरॉइड आणि अ‍ॅस्पिरिन आठ-साडेआठला भाकरी-दूध झाल्यावर. सोमवारी खिचडीनंतर तीच गोळी, तितकीच. आजींना यापुढे वर्षभर किंवा अधिक काळ स्टेरॉइड लागण्याचा संभव असल्याने हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू होईल. आणि पँटोप्रॅझोल चालू असताना आम्ल कमी झाल्याने साधे कॅल्शियम कार्बोनेट कमी शोषले जाते, म्हणून ते जेवणाबरोबर घ्यायला सांगतील, किंवा कॅल्शियम सायट्रेट लिहून देतील.

याच आजी क्लोपिडोग्रेलही घेत असत्या, तर पोटाची गोळी निवडताना ओमेप्रॅझोल आणि इसोमेप्रॅझोल टाळले गेले असते, कारण ती दोन्ही क्लोपिडोग्रेलचा प्रभाव कमी करतात. पँटोप्रॅझोल तेथे अधिक सोयीचे.

ताबडतोब रुग्णालय गाठावे अशी चिन्हे

स्टेरॉइड दाह दाबते, आणि त्याबरोबर धोक्याची सूचनाही दाबून टाकते. इतरांचे जठर फुटले तर पोट लाकडासारखे कडक होते आणि वेदना असह्य असते. मोठी मात्रा घेणाऱ्याला केवळ अस्वस्थता, थोडा ताप, वाढलेली नाडी एवढेच जाणवू शकते. म्हणून ‘फारसे दुखत नाही’ यावर विसंबू नका.

- डांबरासारखे काळे, चिकट, दुर्गंधीयुक्त शौच. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, पण ते असे चिकट नसते. शंका असल्यास तपासणी करून घ्या.
- रक्ताची, किंवा कॉफीच्या चुऱ्यासारख्या कणांची उलटी.
- उठताना चक्कर, घाम, फिकेपणा, एकाएकी वाढलेला थकवा.
- पोटात अकस्मात सुरू झालेली आणि न थांबणारी कळ.
- उलट्यांमुळे दिवसभर गोळी पोटात ठरत नसणे. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याला अशा वेळी ते इंजेक्शनने द्यावे लागते.

छातीतील जळजळीबरोबर घाम, धाप, किंवा डाव्या हाताकडे अथवा जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर ती पोटाची तक्रार मानून वेळ दवडू नका. १०८ क्रमांकाला दूरध्वनी करा. गिळताना दुखत असेल आणि तोंडात पांढरे थर असतील, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो, आणि त्यावर आम्ल दाबणारे औषध उपयोगाचे नाही.

दवाखान्यात आणि दुकानात तुमचा हक्क

प्रेडनिसोलोन हे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचे औषध आहे, आणि डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव वाचता येईल अशा अक्षरांत लिहावे, असा वैद्यक परिषदेचा नियम आहे. औषध किती दिवसांसाठी, पोटाची गोळी कशासाठी आणि केव्हा थांबायची, ही माहिती मागणे हा तुमचा अधिकार आहे. रुग्णालयात दाखल झाला असाल, तर आपल्या उपचारांच्या नोंदींची प्रत मागितल्यापासून ७२ तासांत मिळाली पाहिजे. नाव नसलेल्या पुडीतून सांधेदुखीवर ‘जादूने’ उतार पडत असेल, तर तिच्यात न सांगता मिसळलेले स्टेरॉइड किंवा वेदनाशामक असण्याचा दाट संशय घ्यावा, आणि ती पुडी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय स्टेरॉइडबरोबर घेऊ नये. तशी पुडी बरेच दिवस घेतली असेल, तरी ती एकदम बंद न करता दाखवायला न्यावी.

पोटाची गोळी केव्हा थांबवावी

स्टेरॉइड संपले तरी पँटोप्रॅझोल वर्षानुवर्षे चालू राहते, असे फार घरांत दिसते. दीर्घकाळ घेतल्यास ब१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम घटू शकते, हाडे मोडण्याची जोखीम काहीशी वाढल्याचे आढळले आहे, आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांची हाडे तर आधीच झिजत असतात. म्हणून ज्या कारणासाठी ती सुरू झाली ते कारण अद्याप शिल्लक आहे काय, हा प्रश्न दर भेटीला विचारा. उदाहरणातल्या आजींचे स्टेरॉइड थांबले तरी वय आणि अ‍ॅस्पिरिन राहतातच, म्हणून त्यांची गोळी बहुधा पुढेही चालेल. परंतु केवळ काही आठवड्यांच्या डायक्लोफिनॅकसाठी ती दिली असेल, तर डायक्लोफिनॅकबरोबर तीही थांबायला हवी. बरेच महिने घेतलेली गोळी बंद केल्यावर पहिले काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, आम्ल उसळून जळजळ पूर्वीपेक्षा अधिक होते. ते जुने दुखणे उलटल्याचे लक्षण असेलच असे नाही. त्या काळात डॉक्टर मात्रा निम्मी करून, किंवा गोळी एक दिवसाआड करून, मधल्या दिवशी गरजेपुरते आम्लनाशक देतात, आणि त्याचे स्टेरॉइडपासूनचे दोन तासांचे अंतर तेव्हाही पाळायचे असते.